ग्रुपवरची माफी तीन ओळींची हवी

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची मी बरीच वर्षं अ‍ॅडमिन आहे. ग्रुपवर चुकीचा मेसेज जाणं ही रोजची गोष्ट आहे, त्याबद्दल माझी कुणावर नाराजी नाही. पण त्या मेसेजनंतर जी माफी येते, तिच्याबद्दल आज लिहायचंय. माणसं मनापासून माफी मागतात आणि ती इतकी लांबवतात की ज्यांची गैरसोय झाली त्यांना तिचा काही उपयोग होत नाही. काही वेळा तर मूळ चुकीपेक्षा जास्त गोंधळ त्या माफीने होतो.

मध्यंतरीची गोष्ट सांगते. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवतात, हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. 'गुरुवारी पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने' ही भाषासुद्धा ठरलेली. एका बुधवारी संध्याकाळी आमच्याकडच्या एका काकांनी अशीच सूचना ग्रुपवर टाकली. आपल्या भागाचं नाव त्यात होतं, फक्त वरचा तारखेचा भाग फोटोत कापला गेला होता. सूचना आदल्या वर्षीची निघाली. ते कळेपर्यंत तासभर गेला. तेवढ्यात बी विंगमधल्या आजींनी सुनेला ऑफिसमधून लवकर बोलावून पिंप भरून घेतले होते, एकांनी टँकरवाल्याला फोन केला होता आणि दोघींनी धुण्याभांड्याच्या मावशींना 'उद्या येऊ नका' असं कळवून टाकलं होतं.

काका अतिशय सज्जन. चूक कळताच त्यांनी आधी मेसेज डिलीट केला आणि मग माफी लिहायला बसले. पहिली चूक इथे झाली. डिलीट केल्यावर ग्रुपवर काय उरतं? 'हा मेसेज डिलीट केला आहे' एवढी एक ओळ. ज्यांनी तो आधी वाचला होता त्यांच्या डोक्यात 'उद्या पाणी नाही' हे पक्कं बसलेलंच राहिलं, कारण ते खोटं आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि ज्यांनी वाचला नव्हता ते विचारू लागले, 'काय होतं? काय डिलीट केलं?' मग वाचलेल्यांनी त्यांना सांगितलं, 'उद्या पाणी नाहीये.' म्हणजे मेसेज गेला, पण चुकीची माहिती पसरतच राहिली.

दहाएक मिनिटांनी काकांची माफी आली. सुरुवातीला सर्व सभासदांना नमस्कार. मग सूचना त्यांना कुणाकडून आली, तो माणूस किती विश्वासू आहे, चष्मा नसल्यामुळे तारीख कशी दिसली नाही, आजवर त्यांनी अशी चूक कधी केलेली नाही, झालेल्या मनस्तापाबद्दल त्यांना किती वाईट वाटतंय, हे सगळं. आणि अगदी शेवटी, 'तरी उद्या पाणी नेहमीप्रमाणे येईल.' लांब मेसेज व्हॉट्सअ‍ॅप अर्धवटच दाखवतं, पुढचं बघायला 'आणखी वाचा' दाबावं लागतं. नोटिफिकेशनमध्ये तर पहिल्या एकदोन ओळीच दिसतात. अनेकांना दिसलं ते एवढंच: 'सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार. आज सायंकाळी माझ्याकडून पाठवण्यात आलेल्या पाण्याबाबतच्या संदेशाविषयी...' पाणी येणार की नाही, हे त्यात कुठेच नव्हतं. पिंप भरणं रात्री साडेनऊपर्यंत चालूच होतं.

शेवटी मी काकांना फोन केला आणि त्यांनी माझ्या सांगण्यावरून दुसरा मेसेज टाकला:

'उद्या गुरुवारी आपल्या सोसायटीत पाणी नेहमीच्या वेळेला येणार आहे.
संध्याकाळी मी टाकलेली सूचना जुनी होती. माफ करा.
ती कुणाला पाठवली असेल तर हा मेसेजही त्यांना पाठवा.'

यात खरी माहिती पहिल्या ओळीत आहे, म्हणजे फोन न उघडताही ती कळते. 'उद्या' बरोबर वार लिहिलाय आणि कुठलं पाणी तेही लिहिलंय, कारण हा मेसेज पुढे जाणार आहे. मावशींच्या फोनवर गेल्यावर 'वरची माहिती चुकीची आहे' असं लिहिलेलं असेल तर त्यांना वरची म्हणजे कुठली ते कसं कळणार? माफी एका वाक्यात आहे आणि कारण दोन शब्दांत. तिसरी ओळ लोक हमखास विसरतात. चुकीची सूचना ग्रुपवर थांबत नाही, विंगच्या ग्रुपवर, घरच्या ग्रुपवर, मावशींपर्यंत, टँकरवाल्यापर्यंत जाते. तिच्या मागोमाग जायचं तर दुरुस्तीही तितकीच सुटसुटीत हवी. काकांच्या चष्म्याची हकिगत कोण पुढे पाठवेल?

म्हणून चुकीच्या माहितीच्या बाबतीत माझं सांगणं असं की आधी दुरुस्ती टाका, ती लोकांना पाहू द्या, मग जुना मेसेज काढा. काढायची घाई नाही. सगळ्यांसाठी डिलीट करायला साधारण अडीच दिवस मिळतात. मेसेज एडिट करायची सोयही आहे, पण ती पहिली पंधरा मिनिटंच, आणि एडिट केल्याचं नोटिफिकेशन कुणाला जात नाही. ज्याने 'सकाळी दहा वाजता मीटिंग' वाचून फोन खिशात टाकला, त्याला तुम्ही मागाहून दहाचे अकरा केलेत हे कळायला मार्ग नाही. शुद्धलेखन सुधारायचं असेल तर एडिट करा. वेळ, तारीख, रक्कम, खाते नंबर यातलं काही चुकलं असेल तर वेगळा मेसेज टाकलाच पाहिजे. महत्त्वाचं असेल तर अ‍ॅडमिनने तो चोवीस तासांसाठी पिन करून ठेवावा.

खासगी मेसेज चुकून ग्रुपवर गेला तर मात्र क्रम उलटा. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नसतं, आधी तो काढायचा असतो. आणि इथे घाबरलेला माणूस हमखास एक गोष्ट करून बसतो, 'डिलीट फॉर एव्हरीवन'च्या ऐवजी 'डिलीट फॉर मी' दाबतो. मेसेज त्याच्या स्वतःच्या फोनवरून जातो आणि बाकी सगळ्यांच्या फोनवर तसाच राहतो. दाबल्यावर खाली काही सेकंद 'अनडू' दिसतं, तेवढ्यात ते दाबलं तर सुटका. ती वेळ गेली की त्याच्या हातात काही राहत नाही, मग अ‍ॅडमिनला लगेच फोन करावा. अ‍ॅडमिनला ग्रुपवरचा कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो. मला रात्री अकराला असा फोन आला तरी मी उठून मेसेज काढते, आणि काय होता हे विचारत नाही.

आमच्याकडच्या एका ताईंनी मुलीच्या स्थळाबद्दल बहिणीला लिहिलेला मेसेज ग्रुपवर आला होता. मुलगा बरा वाटला, पण पगार सांगितला तेवढा वाटत नाही, अशा अर्थाचा. त्या मुलाची आत्या आमच्याच सोसायटीत राहते. ताईंनी मेसेज काढला आणि मग मला विचारलं, ग्रुपवर सविस्तर लिहू का, आमचा हेतू वाईट नव्हता म्हणून? मी म्हटलं, अजिबात नको. ज्यांनी वाचलाच नाही त्यांना तुम्ही स्वतःच सगळं सांगाल, आणि त्या मुलाचं नाव पुन्हा एकदा सगळ्यांसमोर येईल. त्यांनी ग्रुपवर एवढंच लिहिलं: 'माझा एक घरगुती मेसेज चुकून इथे आला होता, काढला आहे. माफ करा.' कुणाबद्दल, कशाबद्दल, काही नाही.

आणि मग त्या आत्याकडे गेल्या. फोन न करता स्वतः गेल्या. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, ते माझं काम नव्हे. पण ज्याला लागलंय त्याच्याशी बोलायची जागा त्याचं घर आहे, ग्रुप नाही, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही. दीडशे माणसांसमोर मागितलेल्या माफीत समोरच्याला 'काही हरकत नाही' म्हणण्यावाचून पर्यायच राहत नाही. घरी गेलात तर तो रागावू शकतो, आणि तेवढा हक्क त्याला मिळायला हवा.

थोडक्यात लिहिलं तर तुटक वाटेल, उद्धट वाटेल, अशी भीती मोठ्यांना वाटते. मला ती समजते. आपल्याकडे माफी म्हटली की पत्राचा मायना आठवतो. पण लांब माफीत काय भरलेलं असतं ते नीट बघा. नातवाने फोन घेतला होता, नेटवर्क नव्हतं, अमक्याने पाठवलं म्हणून मी टाकलं. यातल्या प्रत्येक वाक्याने चूक थोडी थोडी दुसऱ्यावर ढकलली जाते. 'कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास' हे तर मला अजिबात चालत नाही. चुकीच्या सूचनेने आजींनी पिंप भरले, हे झालंय. त्यात 'असल्यास' कुठून आलं?

राहिलं आपलं, वाचणाऱ्यांचं. कुणी मेसेज काढला की 'आम्ही वाचला बरं का' असं लिहू नका. काढण्याआधी त्याला रिप्लाय केला असेल तर मूळ मजकूर तुमच्या रिप्लायच्या वर तसाच दिसत राहतो, तेव्हा आपला रिप्लायही काढून टाका. स्क्रीनशॉट घेतला असेल तर तो डिलीट करा. आणि माफीखाली पंचवीस जणांनी 'इट्स ओके', 'होतं असं', हात जोडलेल्या बाहुल्या टाकल्या की खऱ्या माहितीची ती ओळ वर सरकून दिसेनाशी होते. त्या रात्री काकांच्या दुसऱ्या मेसेजखाली असंच सुरू झालं होतं, म्हणून मी सगळ्यांना विनंती केली की त्या मेसेजवर दाबून नुसता अंगठा द्या. पंधरा मिनिटांत पन्नासेक अंगठे आले. मग काकांनी आपल्या मेसेजची 'इन्फो' उघडून कुणाकुणाचं वाचायचं राहिलंय ते मला कळवलं आणि तेवढ्या घरी मी वॉचमनदादांना इंटरकॉम करायला सांगितलं.