०.९ ने भागायला सांगणाऱ्या दादांना उत्तर

> तुमचं शीट दिसायला छान, पण बेरीज खोटी. स्क्रिप्ट बँकेच्या जमा-मेलमधली रक्कम उचलते, म्हणजे टीडीएस कापून उरलेली. ०.९ ने भागलं असतं तरी चाललं असतं. वर्षाला पंधरा-वीस नोंदी, त्यासाठी रोज स्क्रिप्ट पळवायची हौस कशाला? वाचकांची दिशाभूल करू नका.
> — एक जुना गुंतवणूकदार, जळगाव

नमस्कार दादा. लाभांशाची नोंद ठेवणाऱ्या माझ्या गूगल शीटवर आणि त्याच्या स्क्रिप्टवर मी लेख लिहिला होता, त्यावरचं हे तुमचं पत्र.

'खोटी' आणि 'दिशाभूल' हे दोन शब्द टाळूनही तुमचं म्हणणं मांडता आलं असतं. चूक दाखवणं वेगळं आणि हेतूवर शंका घेणं वेगळं. मी अमळनेरचा. विप्रोच्या गावात शेअर म्हणजे काय हे शाळेत शिकवावं लागत नाही. लाभांशाची वॉरंटं पोस्टाने यायची तेव्हापासून ती हाताळतोय. एका कंपनीचं (नाव सोडा) वॉरंट आजोबांनी कापसाच्या पावत्यांत ठेवलं आणि मुदत सरल्यावर सापडलं. नवीन मिळवायला मी किती पत्रं लिहिली ते माझं मला माहीत. तेव्हा 'जुना गुंतवणूकदार' ही सही मलाही करता येते.

एक मान्य. त्या रकान्याचं शीर्षक 'लाभांश उत्पन्न' नको होतं, 'खात्यात जमा' हवं होतं. आज सकाळी बदललं. विवरणपत्रात कापण्याआधीचीच रक्कम दाखवायची असते, त्यावर वाद नाही.

पण ०.९ ने भागायचं? बसा, हिशेब करू.

एका कंपनीचा लाभांश वर्षाला ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तरच टीडीएस कापतात. २०२५-२६ पासून ही मर्यादा १०,००० रुपये आहे, त्याआधी ५,००० होती. माझ्याकडे एका कंपनीचे ५०० शेअर. ऑगस्टमध्ये शेअरमागे ८ रुपये, म्हणजे ४,०००. मर्यादेच्या आत, सगळे जमा झाले. फेब्रुवारीत १४ रुपये, म्हणजे ७,०००. आता वर्षाचे ११,००० झाले, म्हणून कंपनीने आधीचेही धरून १० टक्के, १,१०० रुपये कापले आणि खात्यात ५,९०० आले.

तुमच्या पद्धतीने ऑगस्टचे ४,४४४ होतात आणि फेब्रुवारीचे ६,५५६. दोन्ही आकडे चूक, बेरीज मात्र ११,०००! माणूस फसतो तो इथेच. विवरणपत्रात लाभांश १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर अशा टप्प्यांनी विचारतात. ऑगस्ट एका टप्प्यात, फेब्रुवारी दुसऱ्यात. बेरीज जुळली म्हणून टप्पे जुळत नाहीत.

आणि माझ्या बाकीच्या अकरा कंपन्यांचं काय? त्यांच्यापैकी एकीनेही मर्यादा ओलांडली नाही, एक रुपया कापला गेला नाही. मिळून १८,००० आले. तुम्ही भागून २०,००० करणार. जे दोन हजार कुणी दिलेच नाहीत त्यांच्यावर कर भरा, आणि २६एएसमध्ये त्यांचा टीडीएस शोधत बसा. सापडणार नाही, कारण कापलाच नव्हता.

खरा आकडा बँकेच्या मेलमधून उलट काढायचाच नसतो. तो पुढून येतो: एक्स-डेटच्या आधी हातात असलेले शेअर गुणिले जाहीर झालेला दर. आजचे शेअर धरून चालत नाही, मधे विक्री झालेली असते. माझ्या `Trades` पानावर A मध्ये तारीख, B मध्ये चिन्ह आणि C मध्ये संख्या आहे, विक्री उणे लिहितो. लाभांशाच्या ओळीत B2 मध्ये चिन्ह, D2 मध्ये एक्स-डेट:

```
=SUMIFS(Trades!C:C,Trades!B:B,B2,Trades!A:A,"<"&D2)
```

बोनसची ओळ विसरलात तर संख्या कमी येते आणि जमा रक्कम अपेक्षेपेक्षा जास्त दिसते. अपेक्षित रकमेतून जमा वजा करायची; वजाबाकी उणे निघाली की समजायचं, बोनस किंवा स्प्लिट राहिला. वजाबाकी अधिक निघाली तर तो टीडीएस, आणि तो २६एएसशी ताडून बघायचा. दर हाताने भरतो, कारण `GOOGLEFINANCE` शेअरचा लाभांश देत नाही. मूळ लेखात हे सगळं लिहायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

हौसेबद्दल: स्क्रिप्ट सकाळी सहा ते सातच्या दरम्यान आपोआप चालते, मी तेव्हा झोपलेला असतो. तिचा उपयोग आलेल्या पैशांपेक्षा न आलेल्यांसाठी जास्त. जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत लाभांश द्यावा लागतो, त्यानंतरही जमा रिकामी असेल तर ओळ लाल होते. मार्चमध्ये एक लाल झाली. डिमॅटला जोडलेलं बँक खातं मी बंद केलं होतं आणि नवं कळवायचं राहिलं होतं. पंधरा-वीस नोंदींतली ती एक.

तुमच्या वहीत अशी ओळ लाल कशी होते, ते कळवा.