उणे ९२ म्हणजे गोंगाट नव्हे, शांतता

फिरत असलेला मेसेज: "मॅकवर ऑप्शन दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक करा. Noise -92 दिसला तर घरात प्रचंड गोंगाट आहे, राउटर लगेच बदला. विंडोजवर सिग्नल ९०% असेल तर सगळं ठीक. लिंक १४४ आणि नेट ७० मिळतं, म्हणजे कंपनी निम्मं चोरते. चॅनल ३ मोकळा असतो, तोच लावा."

हा मेसेज वाचून जुळे सोलापुरातली माझी मावशी नवा राउटर आणायला निघाली होती. जुना धडधाकट आहे.

सर्वांत घातक चूक नॉइजची, म्हणजे हवेतल्या नको असलेल्या रेडिओ लहरींची. हे आकडे डीबीएममध्ये असतात आणि उणे असतात. शून्यापासून जितका दूर, तितका क्षीण. नॉइज उणे ९२ म्हणजे हवा अगदी शांत. एकटा नॉइज वाचूनही भागत नाही, तो RSSI, म्हणजे राउटरकडून येणाऱ्या सिग्नलची ताकद, याच्या शेजारी ठेवावा लागतो. मावशीच्या मॅकवर RSSI -58 होता. दोन्हींतलं अंतर ३४ डेसिबल, म्हणजे सिग्नल नॉइजच्या सुमारे अडीच हजार पट. पंचवीसच्या वर अंतर असलं की चिंता नसते. मग मी तिला लॅपटॉप स्वयंपाकघरात न्यायला लावला, मॅकमधल्याच वायरलेस डायग्नॉस्टिक्सच्या Window मेन्यूतून Performance उघडायला सांगितलं आणि मायक्रोवेव्ह सुरू करायला लावला. नॉइज -79 वर चढला, बंद करताच खाली बसला. बिघडलेला आकडा असा दिसतो, आणि त्यात राउटरचा काय दोष?

विंडोजवर ही आज्ञा द्या:

```
netsh wlan show interfaces
```

यात चॅनल, Receive rate, Transmit rate आणि Signal मिळतं, नॉइज मिळतच नाही. मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजानुसार ०% म्हणजे उणे १००, १००% म्हणजे उणे ५० आणि मधलं सरळ प्रमाणात. म्हणजे ९०% हा उणे ५५ इतका सिग्नल झाला. पण गोंगाट किती हे कळल्याशिवाय "सगळं ठीक" कशावरून म्हणायचं?

१४४ हा लॅपटॉप आणि राउटरमधला हवेतला वेग आहे, तुमच्या प्लॅनचा नव्हे. डेटाच्या प्रत्येक तुकड्याची पोच आणि पाळीची वाट यात बराच वेळ जातो. १४४ वर ७० मिळणं नेहमीचंच. कंपनीवर संशय असेल तर राउटरला केबल लावून मोजा.

चॅनल बदलल्यानं फरक पडतो, एवढं मात्र मान्य करावं लागेल. शेजाऱ्यांची वायफाय वाहतूक त्या Noise मध्ये सहसा दिसत नाही, म्हणून उणे ९२ असूनही नेट रेंगाळू शकतं. पण ३ नको. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनल पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरावर असतात आणि एकेक वीस मेगाहर्ट्झ रुंद. त्यामुळे ३ वर बसलात की १ वाले आणि ६ वाले दोघेही आड येतात. १, ६ किंवा ११ यांतलाच एक निवडा. मावशीच्या मॅकवर त्याच Window मेन्यूतल्या Scan मध्ये १ वर नऊ नेटवर्क होती, ११ वर दोन. राउटर तोच ठेवून ११ लावला, संध्याकाळचं अडकणं थांबलं.