रबरबँड गरम होतो तो घासण्यामुळे नव्हे

«रबरबँड ताणला की आतले रेणू एकमेकांवर घासतात, म्हणून तो गरम होतो. रेणूंमधले बंध बारीक स्प्रिंगांसारखे असतात, उष्णतेने ते जास्त जोर लावतात, म्हणून ताणलेला बँड तापवला की आखडतो. थोडक्यात, उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात या नियमाला रबर हा अपवाद आहे.»

घासण्याचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो ओठांवरच निकालात निघतो. जरा रुंद रबरबँड घ्या, झटकन ताणा आणि लगेच वरच्या ओठाला लावा. ऊब जाणवेल. आता तो तसाच ताणलेला ठेवून अर्धा मिनिट थांबा, म्हणजे ती ऊब हवेत निघून जाईल. मग एकदम सैल सोडा आणि पुन्हा ओठाला लावा. बँड गार लागतो, खोलीतल्या हवेपेक्षाही गार. घर्षणाला हे जमत नाही. तळहात पुढे घासा की मागे, ते तापतातच. उलट दिशेने घासून कोणी हात गार केल्याचं ऐकिवात नाही. ओठांची ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडमधल्या केंडल गावच्या जॉन गॉफ यांनी १८०५ साली ती छापून प्रसिद्ध केली. लहानपणी देवी येऊन त्यांची दृष्टी गेली होती, त्यामुळे निसर्गाचा अभ्यास ते बराचसा स्पर्शाने करत.

घर्षण रबरात अजिबात नसतं असं नाही. बँड पंचवीस-तीस वेळा भराभर ताणून सोडलात तर प्रत्येक फेरीत थोडी उष्णता मागे उरते. धावत्या गाडीचा टायर तापतो त्यात याच उष्णतेचा मोठा वाटा असतो. पण एकदा ताणल्यावर येणारी आणि सोडल्यावर परत जाणारी ऊब ही नव्हे.

ती ऊब कुठून येते हे कळायला स्प्रिंगचा मुद्दा सोडवावा लागतो, आणि खरी गंमत तिथेच आहे.

पोलादी स्प्रिंग ताणली की अणू आपापल्या जागेवरून किंचित सरकतात आणि तुमचे श्रम बंधांमध्ये साठून राहतात. अशी स्प्रिंग तापवली तर तिचा जोर थोडा कमीच होतो. म्हणजे रबरात स्प्रिंगा आहेत असं क्षणभर मानलं, तरी तापवल्यावर बँड सैल पडायला हवा. मूळ दावा इथे स्वतःच्याच पायात पाय अडकून पडतो.

रबरात असतात त्या पॉलिमरच्या लांबच लांब साखळ्या. नैसर्गिक रबरात एकेका साखळीत हजारो दुवे असतात, आणि बहुतेक दुवे आपल्या बंधाभोवती सहज फिरू शकतात. व्हल्कनायझेशनमध्ये गंधकाने या साखळ्या ठिकठिकाणी एकमेकींना टाचलेल्या असतात, त्यामुळे त्या निसटून वाहून जात नाहीत.

आता एक साखळी कागदावर मांडू. समजा, तिला फक्त दहा दुवे आहेत आणि प्रत्येक दुवा डावीकडे किंवा उजवीकडे एवढाच वळू शकतो. साखळी पूर्ण ताणलेली म्हणजे दहाही दुवे उजवीकडे; अशी रचना एकच. टोकांमधलं अंतर सहा हवं असेल तर आठ दुवे उजवीकडे आणि दोन डावीकडे. अशा रचना ४५. आणि दोन्ही टोकं एकाच जागी यायची असतील तर पाच इकडे, पाच तिकडे. अशा रचना २५२. सगळ्या रचनांची ऊर्जा सारखीच आहे. कुठल्याही बंधाला आखूड व्हायची ओढ नाही. पण दुवे सतत थरथरत असतात, आणि थरथरता थरथरता साखळी जिथे पर्याय जास्त तिथेच बहुतेक वेळ सापडते. पर्यायांच्या या मोजदादीचं (नेमकं सांगायचं तर तिच्या लॉगॅरिदमचं) नाव एन्ट्रॉपी.

मग हाताला जाणवणारी ओढ कशाची? शाळेच्या मैदानावर हात धरून मुलांची रांग उभी करा, दोन्ही टोकांना एकेक शिक्षक, आणि मुलांना वाटेल तसं उड्या मारायला सांगा. शिक्षकांना आत ओढायचं कुणाच्याही मनात नसतं, तरी ते आत ओढले जातात. मुलं जितकी जास्त धिंगाणा घालतील तितकी ओढ जास्त. रेणूंचा धिंगाणा म्हणजे तापमान. म्हणून रबराची ओढ ढोबळमानाने केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात वाढते, आणि टांगलेलं वजन तेच असेल तर बँड आखडतो.

ऊब येते तीही याच हिशोबातून. ताणताना साखळ्यांचे पर्याय घटतात. झटकन ताणलं तर उष्णता बाहेर जायला वेळ नसतो, म्हणून एकूण एन्ट्रॉपी जवळपास तेवढीच राहते. रचनेतून जेवढी गेली तेवढी रेणूंच्या थरथरीत जमा होते, आणि तापमान चढतं. सायकलच्या पंपात हवा दाबली की पंप तापतो, त्याची ही सख्खी बहीण. दोन्हीकडे तुमचे श्रम कुठे साठत नाहीत, त्यांची उष्णता होते. साधारण रबरबँड मूळ लांबीच्या चौपट ताणायला दर ग्रॅममागे सुमारे ३ ज्यूल लागतात, आणि एक ग्रॅम रबर एक अंशाने तापवायला सुमारे १.९ ज्यूल. म्हणजे चढ दीडेक अंशाचा. याहून जास्त ताणलं तर साखळ्या काही ठिकाणी एकमेकींना समांतर लागून स्फटिक बनवू लागतात आणि त्याची उष्णता वर मिळते. या टप्प्यावर मात्र निव्वळ एन्ट्रॉपीचा हिशोब पुरत नाही.

राहिला अपवादाचा मुद्दा. न ताणलेलं रबर इतरांसारखंच प्रसरण पावतं, उलट जास्तच: अंशामागे पोलादाच्या पंधरा-वीस पट. १० सेंटिमीटरचा सैल बँड ५० अंशांनी तापवला तर तो सुमारे एक मिलिमीटर वाढतो. तोच बँड वजन लावून ३० सेंटिमीटरपर्यंत ताणला आणि २७ अंशांवरून ७७ अंशांवर, म्हणजे ३०० केल्विनवरून ३५० केल्विनवर नेला, तर वरच्या प्रमाणानुसार तो २६ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवा. प्रसरणामुळे प्रत्यक्षात थोडा कमी आखडतो. दोन्ही परिणाम एकाच वेळी चालू असतात. ताण मूळ लांबीच्या दहाएक टक्क्यांच्या आत असेल तर प्रसरण जिंकतं, त्यापुढे एन्ट्रॉपी. एवढ्या थोड्या ताणाला रबर तापण्याऐवजी किंचित गार होतं, हे जेम्स ज्यूल यांनी १८५० च्या दशकात मोजून दाखवलं.

मी पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा याच खड्ड्यात पडलो होतो. बँडला एक छोटंसं कुलूप अडकवलं, हेअर ड्रायर लावला, आणि बँड ढिम्म. वजनच इतकं कमी होतं की दोन्ही परिणाम एकमेकांना खाऊन टाकत होते. दुसऱ्यांदा पाण्याची बाटली टांगली, तर बँड खाली सरकत राहिला. नवा ताण दिला की रबर बराच वेळ हळूहळू वाढत जातं, म्हणून बाटली तासभर तशीच लटकवून ठेवावी, मग तळाशी पट्टी उभी करून ड्रायर चालवावा. ज्योत लावू नका, रबर चिकट होऊन तुटतं. बाटली वर चढली की ड्रायर बंद करून पुन्हा पट्टीकडे बघा. वेष्टनाचं प्लॅस्टिक गरम हवेने आखडतं ते आखडलेलंच राहतं. बाटली मात्र बँड गार होईल तशी पुन्हा खाली येते.