पंचवीस वर्षांच्या सत्काराचं भाषण

आमच्या पगार विभागातल्या मॅडमना नोकरीत २५ वर्षं झाली आणि सत्काराचं भाषण माझ्या गळ्यात पडलं. पहिला मसुदा मीच फाडला. ‘खातेवहीपासून संगणकापर्यंतचा प्रवास’, ‘बदलत्या काळाच्या साक्षीदार’ वगैरे. नाव बदललं की कुणालाही चाललं असतं.

मग त्यांनाच विचारलं, सुरुवातीला महिन्यातला सगळ्यात वाईट दिवस कोणता असायचा? म्हणाल्या, “पाकिटं भरायचा.” 

तेव्हा पगार रोख. मस्टरवरून हजेरी काढायची, उचल आणि बिनपगारी रजा वजा करायची, पगारपत्रक करायचं. मग प्रत्येकाच्या रकमेची नोटांमध्ये फोड करून वेगळी यादी करायची आणि तिच्या बेरजेइतक्याच नोटा-नाणी बँकेतून आणायची. शेवटचं पाकीट भरलं की टेबल रिकामं व्हायला हवं. एकदा त्यावर ३६० उरले. म्हणजे कुणाला तरी कमी गेले, किंवा यादीच चुकली.

पाकिटं फोडायच्या आधी त्यांनी ३६० ला ९ ने भागलं. पूर्ण भाग गेला. शेजारचे दोन आकडे उलटे पडले की फरकाला ९ ने भाग जातोच (उलट खरं असेलच असं नाही, पण शोधायला दिशा मिळते). ३६० म्हणजे ९० गुणिले ४. तेव्हा शतक आणि दशकाच्या आकड्यांत ४ चा फरक आहे अशाच रकमा बघायच्या. सापडली: पत्रकात ५,४८३, फोडीच्या यादीत ५,८४३. एकही पाकीट फोडावं लागलं नाही.

पुढे पगार बँकेत जायला लागला, नंतर सगळं सॉफ्टवेअरमध्ये आलं. हा भाग मी चार वाक्यांत उरकला, कारण तो सगळ्यांना माहीत असतो. मला सांगायचं होतं ते वेगळंच. पूर्वी चूक एका पाकिटात असायची. आता रजेचं सूत्र एका ठिकाणी चुकलं की सगळ्यांचे पगार एकदम चुकतात, आणि बेरीज मात्र चोख जुळते. टेबलावर काही उरतच नाही, मग संशय येणार कुठून? म्हणून मॅडम आजही दर महिन्याला पाच जणांचा पगार हाताने काढून ताडून बघतात. एक नवा माणूस, एक बिनपगारी रजावाला, एक उचल घेतलेला, एक ओव्हरटाइमवाला, एक नुकतीच पगारवाढ मिळालेला. नवी पोरं याला हसतात. मी त्यांच्यासमोरच भाषणात हे सांगितलं, मुद्दाम.

पाच मिनिटांत संपवलं. टाळ्या झाल्या, शाल झाली. मॅडमनी माइक हातात घेतला आणि म्हणाल्या, “सर, त्या दिवशी २७० उरले होते. ३६० पुढच्या वर्षीचे.”