एक्स रोज समोर दिसतो तेव्हा: त्या व्हायरल फॉरवर्डला उत्तर

"एक्स ऑफिसात दिसतो? १) तो नाहीच असं समजा, बोलू नका, मेसेजला उत्तर देऊ नका. २) त्याचा विचार आला की झटकून टाका. ३) सगळीकडून ब्लॉक करा. ४) २१ दिवस पाळा, मन कोरं होईल."

हा फॉरवर्ड माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोचला आणि ती तो पाळायलाही लागली, म्हणून लिहिते आहे.

सगळ्यात घातक पहिला मुद्दा. समजा ती टेस्टिंग करते आणि तो कोड लिहितो. तिने बोलणं बंद केलं की चुकीची माहिती तिसऱ्या माणसामार्फत जाते, रिलीज अडकतं आणि आठवड्याभरात सगळ्या टीमला प्रकरण कळतं. त्यापेक्षा बोलणं कामापुरतं आणि शक्यतो लेखी ठेवा, तेही जिथे टीमला दिसेल अशा ठिकाणी. "पेमेंटच्या पानावर रक्कम दोनदा कापली जाते, तिकिटात नोंदवलंय. गुरुवारी दुपारी ४ पर्यंत दुरुस्ती हवी." बस. "वेळ मिळालाच तर" किंवा "नेहमीप्रमाणे" असे शब्द पाठवण्याआधी खोडा, कारण भांडण तिथूनच सुरू होतं. जिन्यात भेट झाली तर मान हलवून पुढे जा. मीटिंगमध्ये समोरासमोर बसू नका, एकाच रांगेत दोन खुर्च्या सोडून बसा, म्हणजे नजर सारखी तिकडे जात नाही. तो काही खासगी बोलायला लागला तर एकच वाक्य: "हे इथे नको, कामाचं सांग." दर वेळी तेच, त्याच शब्दांत. कारणं देत बसलात की वाद वाढतो.

दुसरा मुद्दा १९८७ सालीच खोटा ठरलाय. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटा वाजवा, असं सांगितलं. घंटा वाजतच राहिली. पुढे विचार करायची मोकळीक दिल्यावर, सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षा यांना अस्वल जास्त आठवलं. म्हणून विचार आला की चिठ्ठीवर एक ओळ लिहा, संध्याकाळची पंधरा मिनिटं त्याच्यासाठी ठेवा आणि हातातल्या कामाकडे परत या.

तिसऱ्यात थोडं तथ्य आहे, मान्य करावं लागतं. स्टेटस आणि फोटो दिसणं बंद झालं की जखम रोज उकरली जात नाही. मात्र ऑफिसच्या ग्रुपमधून बाहेर पडू नका. आणि तो नको असताना मागे लागत असेल, तर ब्लॉक करा पण चॅट पुसू नका. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, आणि महिलेने शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते. तिथे तेच मेसेज कामी येतात.

आणि ते २१ दिवस? मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान साधारण एवढे दिवस लागतात. ब्रेकअपचा त्यात संबंधच नव्हता.