हळदीला डॉक्टर कसं करावं

सांगलीत राहून हळद विकायला काढलीत, उत्तम. यार्डातून राजापुरी हळकुंडं आणली, दळून घेतली, 500 ग्रॅमची पाकिटं भरली. आता राहिलं फक्त वर्णन. तिथे नुसतं ‘हळद पूड’ लिहाल तर लोक ती भाजीत घालतील, आणि भाजीत घालणारा किती पैसे मोजणार? म्हणून पहिला मसुदा हात सैल सोडून लिहा: ‘मधुमेह मुळापासून बरा करणारी, शास्त्राने सिद्ध केलेली, डॉक्टरांच्या शिफारशीची हळद.’

एवढ्यात पुण्याहून आलेला एखादा भाचा म्हणेल, “मामा, हे जरा खाली आणा.” घाबरायचं कारण नाही. क्रियापद मऊ केलं की काम झालं. ‘बरा करते’च्या जागी ‘आटोक्यात ठेवते’. तेही जड वाटलं तर ‘उपयुक्त ठरू शकते’. ‘ठरू शकते’ हा मराठीतला सगळ्यात स्वस्त विमा, हप्ता शून्य. मधुमेह मात्र जागचा हलवू नका, गिऱ्हाईक त्याच शब्दावर थांबतं.

अडचण एवढीच की अन्न खात्याचा माणूसही त्याच शब्दावर थांबतो. आक्षेपार्ह औषधी जाहिरातींचा 1954 चा कायदा आहे. त्याच्या यादीत मधुमेह आहे, आणि त्या कायद्यात आजार बरा करणं, सौम्य करणं, टाळणं ही सगळी एकाच पंगतीला बसतात. म्हणजे तुमची हळद पाकिटात मसाला म्हणून गेली आणि वर्णनात औषध होऊन बाहेर आली, तेही परवान्याशिवाय. तुमच्याकडे आहे तो 14 आकडी अन्न परवाना. तो क्रमांक पदकासारखा ठळक छापून त्यापुढे ‘प्रमाणित’ लिहायचा मोह होईल. पण तो धंदा करायची परवानगी सांगतो, साखर उतरवायची नाही.

आता ‘शास्त्राने सिद्ध’. हे सोडू नका, हळदीवर संशोधन खरंच झालंय. फक्त वाचकाला हिशेब करू देऊ नका. हळदीतला ज्याचा गवगवा आहे तो घटक कुरकुमिन, पुडीत साधारण 3 टक्के. एका चमच्यात 3 ग्रॅम पूड धरली तर 90 मिलिग्रॅम. चाचण्यांमध्ये देतात तो बहुधा काढलेला अर्क, आणि तो कित्येकदा दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या घरात. तेवढं पाकिटातून मिळवायचं तर रोज 11 चमचे. त्यातही साधं कुरकुमिन आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. अर्काची ख्याती आणि पुडीचा भाव अशी ही सोयरीक आहे. नवरा दुसऱ्याचा, वरात आपली.

एवढ्यावरही भाचा ऐकेना तर तारांकन वापरा. वर बोटभर अक्षरांत ‘मधुमेहावर गुणकारी*’, खाली मुंगीच्या पावलांत ‘*हे उत्पादन कोणत्याही आजारावर उपचार नाही’. एकाच पाकिटावर वादी आणि प्रतिवादी! दुर्दैवाने 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी हीही मजा घालवली. खुलाशाने मुख्य दावा खोडायचा नाही, दिशाभूल दुरुस्त करायला तो वापरायचा नाही, आणि तो दाव्याच्याच भाषेत, तेवढ्याच टायपात हवा. पहिल्या चुकीला दंड 10 लाखांपर्यंत. तेवढ्यात हळकुंडांची एक गाडी येते.

डॉक्टरांची शिफारसही गेली. अन्नाच्या पाकिटाला ती चालत नाही. मिरजेतले डॉक्टर कितीही ओळखीचे असोत.

मग उरतं काय? भाच्याने जे लिहिलं ते असं: ‘सांगलीची राजापुरी हळद. उकडून, उन्हात वाळवून, पॉलिश करून दळलेली. यंदाच्या हंगामातली. वेगळा रंग वा पीठ मिसळलेलं नाही.’ आणि वर अट घातली: यातल्या प्रत्येक शब्दाची पावती दाखवता आली पाहिजे. कुरकुमिनचा टक्का लिहायचा तर त्याच लॉटचा प्रयोगशाळेचा अहवाल हवा, गेल्या वर्षीचा चालणार नाही. भौगोलिक मानांकनाची खूण लावायची तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद हवी. दुकान सांगलीत आहे एवढं पुरत नाही. इतकं रुक्ष वर्णन म्हणजे जवळजवळ खरेपणाच.

पटत नसेल तर दोन्ही वर्णनं घरातल्या एखाद्या मधुमेही माणसाला वाचून दाखवा आणि पहिला प्रश्न काय येतो ते ऐका. माझ्या मिरजेच्या मावशीने ‘उपयुक्त ठरू शकते’ ऐकून विचारलं, “मग सकाळची गोळी बंद करू का रे?” दुसरं ऐकून म्हणाली, “रंग तरी धरते का आमटीला? आणि अर्ध्या किलोचे किती घेतोस?”