आरशाला भोक नसतं

"अगं, जरा चार आरसे लावून देतेस का ब्लाउजला?" असं विचारणाऱ्या माणसाने आयुष्यात एकही आरसा लावलेला नसतो. बटणाला चार भोकं असतात, टिकलीला एक असतं, मण्याला तर आरपार बोगदाच असतो. आरशाला काहीही नसतं. गुळगुळीत, गोल, निसरडी काच, आणि ती दोऱ्याने कापडावर बसवायची! बटाटा टोकावर उभा करावा, तसलाच हा उद्योग.

हे कोडं कच्छमधल्या रबारी आणि अहीर बायकांनी कधीच सोडवलंय. तिकडे या आरशाला 'आभला' म्हणतात. आपल्याकडच्या बंजारा बायकांच्या कांचळीवर आणि घागऱ्यावरही हीच भिंगं चमकतात. त्या भरतकामाची रिंग न लावता, डिंक न लावता, गप्पा मारत काम करतात. त्यांचं बघून आपल्याला वाटतं, हे सोपं असावं. इथेच घात होतो.

युक्ती अशी की आरशाला भोक पाडायचं नाही, त्याला पिंजऱ्यात कोंडायचं. आधी आरशावरून दोऱ्याची चौकट ताणायची: दोन आडवे धागे, त्यांवर दोन उभे, फुली-गोळा खेळायला पाटीवर आखतो तशी. मग त्या चौकटीला काजटाक्याने बाहेर ओढत ओढत कडेशी बांधून टाकायचं. चौकट आरसा धरते आणि काजटाका चौकट धरतो. आपल्याला कोण धरतं, हा प्रश्न तिसऱ्या आरशानंतर पडतो.

पंधरा मिलिमीटरचा आरसा घेऊ. याहून लहान नवशिक्याने घेऊ नये. आठ मिलिमीटरच्या आरशात चौकट, टाके आणि आरसा असं सगळं मावत नाही, पैकी आरसाच दिसेनासा होतो. सहापदरी दोऱ्याचे तीन पदर घ्यायचे. लांबी एक मीटर. एवढा कशाला, असं वाटेल. पण आरशाचा घेर साधारण सत्तेचाळीस मिलिमीटर, दोन-दोन मिलिमीटरवर टाका धरला तरी तेवीस-चोवीस टाके, आणि प्रत्येक टाका आत-बाहेर करत दीड-दोन सेंटिमीटर दोरा गिळतो. त्यात चौकटीचा दहा-बारा सेंटिमीटर आणि शेवटची गाठ. काटकसर करून अर्धा मीटर घेतला तर तो नेमका शेवटच्या चार टाक्यांआधी संपतो. नेमका!

आता आरसा कापडावर ठेवा. ठेवायच्या आधी पुसा, कारण बोटाचा ठसा अर्धा टाक्यांखाली गेला की तो कायमचा राहतो. पाठीवर डिंकाचा एक ठिपका लावलात तरी हरकत नाही, पण अगदी मधोमध. कडेपर्यंत पसरला की वाळून कापड कडक होतं आणि सुई आत जाता जात नाही.

सुई आरशाच्या अगदी कडेला चिकटून वर काढायची, सरळ उभी. तिरकी गेली तर काचेला टेकून टचकन आवाज येतो. लांबून काढली तर आरशाला फिरायला मोकळी जागा मिळते. पहिला आडवा धागा वरच्या कडेपासून पाच मिलिमीटरवर, दुसरा खालच्या कडेपासून पाचावर. उभे धागेही तसेच, फक्त प्रत्येक छेदावर आडव्याला एक वेढा देत. हा वेढा आळशी लोक वगळतात, आणि मग पिंजऱ्याचे गज जागचे हलतात.

खरी गोम या पाच मिलिमीटरमध्ये आहे. सगळ्यांनाच वाटतं की आरसा जास्त दिसावा म्हणून धागे कडेजवळ घ्यावेत. पण काजटाका पुढे हे धागे बाहेर ओढणारच असतो. पाचावरचे धागे ओढले की मधला आरसा नऊ-दहा मिलिमीटर उघडा राहतो, कड नीट झाकली जाते. दोनावरचे धागे ओढले की ते सरळ कडेवरून घसरतात, आणि धुतल्यावर आरसा बाहेर येऊन बादलीत बसतो. चौकट ताठ हवी. सुईच्या टोकाने उचलून बघा: धागा आरशापासून मिलिमीटरभरही उठला तर उसवा. हो, उसवा. मलाही आवडत नाही.

मग काजटाका. सुई पुन्हा कडेला वर काढा. आता तालात चालायचं: एक टाका चौकटीला, एक कापडाला. मधल्या चौकोनातून सुई चौकटीच्या धाग्यांखालून बाहेर सरकवायची, दोरा सुईच्या टोकाखाली ठेवायचा, आणि ओढायचं. मग कडेला लागून कापडात दोन मिलिमीटरचा छोटा टाका, पुन्हा दोरा टोकाखाली. चौकटीखालून जाताना सुई उलटी, नेढ्याच्या बाजूने सरकवली तर धाग्याचे पदर चिरत नाहीत. दोरा टोकाखाली घ्यायला विसरलं की फास पडत नाही, आणि हे तीन टाके पुढे गेल्यावर लक्षात येतं.

ओढायचं किती, हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगते. धागा बाहेर झुकला पाहिजे, कापड आत गोळा होता कामा नये. जोर लावून ओढलं की आरशाभोवती चुण्या पडतात आणि ब्लाउजवर बुबूळ मोठं झालेल्या डोळ्यासारखं काहीतरी दिसतं. हे टाळायला रिंगमध्ये कापड ताणून घ्या, पण आधी लावलेल्या आरशावर रिंग आवळू नका. त्यानंतर येणारा आवाज ओळखायला कानसेनाची गरज पडत नाही.

एक दुष्टपणा आरशाचा स्वतःचा. स्वस्त पाकिटातले आरसे कापून नुसते भरलेले असतात, कड धारदार. असा आरसा दिसायला उत्तम बसतो आणि दोन-चार महिन्यांत आपलाच पिंजरा आतून कापून पळतो. म्हणून लावण्याआधी कडेवरून दोऱ्याचा तुकडा घासून बघायचा; तंतू निघाले तर बारीक पॉलिश पेपरवर कड फिरवायची. पूर्वीचे आभले फुगवलेल्या काचेच्या गोळ्याला आतून कल्हई देऊन, तो फोडून काढलेले असत. त्यामुळे ते किंचित फुगीर असायचे आणि कुठल्याही कोनातून चमकायचे. आताचे सपाट, एका कोनातच चमकतात, बहुतेक वेळा आपल्या डोळ्यात. प्लॅस्टिकचे आरसे हलके आणि निरुपद्रवी, पण गरम इस्त्रीखाली ते सुरकुततात. काचेवरही इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालूनच. आणि ब्लीच? पाठीचा मुलामा काळा पडतो.

दोरा संपलाच मध्ये, तर कापडाच्या टाक्यावर थांबायचं, चौकटीच्या नाही. नवा दोरा शेवटच्या फासाच्या आतून वर काढला की जोड दिसत नाही. गोल पूर्ण झाल्यावर शेवटचा टाका पहिल्या फासात अडकवून सुई खाली न्यायची. मागे गाठ, आणि संपलं. पहिल्या आरशाला अर्धा तास लागतो, विसाव्याला दहा मिनिटं.

ब्लाउज हातात घेऊन मालकीण उजेडात धरते, आरशात आपली लिपस्टिक बघते आणि म्हणते, "छान चिकटवलेत हं!" मी ब्लाउज उलटा करून मागचं टाक्यांचं वर्तूळ दाखवते. ती बराच वेळ बघते.

"अय्या, शिवलेत? मग एवढे पक्के आहेत तर बाह्यांनाही चार-चार लावून टाक ना."